घरं दोन, झोपायची वेळ एक: लहान मुलांना घटस्फोट सांगताना

चार-साडेचार वर्षांच्या मुलाला घटस्फोट म्हणजे काय हे कळत नाही, आणि कळायची गरजही नसते. त्याला हवं असतं ते फार साधं: उद्या सकाळी मला कोण उठवणार, डबा कोण भरणार, शाळेतून आणायला कोण येणार आणि रात्री शेजारी कोण झोपणार. मोठी माणसं नेमकी इथेच चुकतात. ती नातं का तुटलं हे समजावायला बसतात, आणि मूल दिवसाचा हिशेब मागत असतं. म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ‘कसं सांगायचं’ आणि ‘रोजची घडी कशी टिकवायची’ हे दोन वेगळे प्रश्न धरू नयेत. सांगितलेलं खरं आहे की नाही, हे मूल रोजच्या घडीवरूनच ताडून बघतं.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. कोथरूडमधलं घर. धाकटी साडेचार वर्षांची, बालवाडीत. दादा आठ वर्षांचा, तिसरीत. आईबाबांनी संमतीने वेगळं व्हायचं ठरवलंय. बाबा वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार, मुलं कोथरूडला आईजवळ. शाळा तीच, पाळणाघर तेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यायला हवी. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर पुढच्या पायरीसाठी साधारण सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे सहा महिने काही प्रकरणांत माफ होतात, तरी एकूण काळ मोठाच. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून हुकूमनामा हातात येईल तेव्हा धाकटी सहा वर्षांची झालेली असेल. तिच्या लेखी घटस्फोट होणार तो बाबांचं कपाट रिकामं होतं त्या दिवशी. त्यामुळे तारखा, वकील, अर्ज यातलं काहीही तिला सांगायचं नाही. सांगायचं ते या कपाटाच्या दिवसाबद्दल.

हे केव्हा सांगायचं? बाबा जाण्याच्या साधारण आठवडाभर आधी. महिनाभर आधी सांगितलं तर एवढ्या लहान मुलाला तो काळ मोजता येत नाही, आणि रोज सकाळी ते ‘आज जाणार का?’ या धास्तीने उठतं. आदल्या दिवशी सांगितलं तर सवय व्हायला वेळच उरत नाही. दादाला खरं तर थोडा जास्त वेळ हवा असतो, पण त्याला आधी सांगून ‘धाकटीला बोलू नकोस’ असं बजावणं म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर गुपिताचं ओझं ठेवणं. म्हणून दोघांना एकदमच सांगावं, आणि दादाशी त्याच दिवशी नंतर वेगळं बोलावं.

शनिवारची सकाळ, नाश्ता झाल्यावर, ही बरी वेळ. पुढे अख्खा दिवस हाताशी असतो आणि प्रश्न जसे सुचतील तसे विचारता येतात. रात्री सांगू नये, कारण लहान मुलासाठी झोपणं हाच मुळात एक दुरावा असतो. शाळेला निघताना, वाढदिवसाच्या किंवा सणाच्या तोंडावरही नको. जागा घरचीच असावी, जिथे ती एरवी खेळते तिथे खाली बसून. सारसबागेत किंवा हॉटेलात नेऊन सांगण्याचा मोह होतो, पण तिथे तिला मनासारखं रडता येत नाही, आणि ती जागा पुढे त्या आठवणीला चिकटते. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. आजी-आजोबा त्या वेळी समोर नसलेले बरे. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून मूल आपली प्रतिक्रिया ठरवतं.

आईबाबांनी दोघांनी मिळून सांगायचं, आणि वाक्यं आदल्या दिवशीच ठरवायची. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. शब्द साधारण असे:

‘आई आणि बाबा आता वेगवेगळ्या घरांत राहणार आहेत. बाबांचं नवं घर वाकडला आहे. तू आणि दादा इथे, या घरात, आईजवळ राहणार. शनिवारी तुम्ही बाबांच्या घरी झोपायला जाणार आणि रविवारी इथे परत येणार. तुझी शाळा तीच, पाळणाघरातल्या मावशी त्याच, तुझी गोधडी तीच. हे आम्ही मोठ्यांनी ठरवलंय. तू काही केलंस म्हणून असं झालेलं नाही. आई तुझी आईच राहणार, बाबा तुझे बाबाच राहणार, कायम.’

यात एकही कारण दिलेलं नाही, ते मुद्दाम. बदलणारी गोष्ट एकच सांगितली आहे आणि न बदलणाऱ्या तीन, तिच्या हाताला लागणाऱ्या. ‘सगळं पूर्वीसारखंच राहील’ असं मात्र म्हणू नये. ते खोटं आहे, आणि पहिल्याच आठवड्यात बाबांची रिकामी खुर्ची दिसली की उरलेल्या वाक्यांवरचा विश्वासही जातो.

‘तू काही केलंस म्हणून नाही’ हे वाक्य मोठ्यांना अनाठायी वाटतं. मुलाने विचारलंच नाही, मग कशाला त्याच्या डोक्यात भरवायचं? पण या वयात मूल स्वतःला प्रत्येक घटनेच्या मध्यभागी ठेवून विचार करतं. मनात आणलं की ते घडतं, असंही त्याला खरोखर वाटतं. मंगळवारी ती रागाने ‘जा, तुम्ही नकोच मला’ असं बाबांना म्हणाली असेल आणि पुढच्या रविवारी बाबा गेले, तर तिच्या हिशेबात कारण सापडलेलं असतं. ती ते बोलून दाखवत नाही. ती अचानक फार शहाण्यासारखी वागायला लागते, भात सांडला तर दहादा ‘सॉरी’ म्हणते, आपणहून खेळणी आवरते. घरातले कौतुक करतात, ‘किती समजूतदार झाली पोर’. हे समजूतदारपण भीतीतून आलेलं असू शकतं, हे ध्यानात घ्यावं. म्हणूनच ‘शहाण्यासारखी वाग, म्हणजे बाबा येतील’ हे आजीच्या तोंडून सहज निघणारं वाक्य सगळ्यात घातक. बाबांचं येणं तिच्या वागण्यावर ठरतं, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

आणखी तीन वाक्यं टाळायची. पहिलं, ‘बाबा कामासाठी गावाला गेलेत.’ मूल वाट बघत राहतं, दारावरची प्रत्येक बेल बाबांची वाटते. पुढे खरं कळतं ते बहुधा सोसायटीतल्या कोणाच्या तरी तोंडून. आणि आई ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस मुंबईला निघाली की मूल दार धरून बसतं. दुसरं, ‘आमचं एकमेकांवर प्रेम राहिलं नाही.’ प्रेम संपू शकतं, एवढंच मूल यातून उचलतं, आणि पुढचा नंबर आपला असं मानतं. तिसरं, ‘तुला कोणाकडे राहायचंय?’ हे ठरवणं मोठ्यांचं काम आहे. कुठलंही उत्तर दिलं तरी मुलाला आपण एकाला टाकलं असं वाटतं.

दादाचं वेगळं असतं. त्याने शाळेत किंवा टीव्हीवर घटस्फोट हा शब्द ऐकलेला असतो, म्हणून त्याच्याशी बोलताना तो शब्द वापरावा. लपवला तर त्यात काहीतरी लाजिरवाणं आहे असं त्याला वाटतं. ‘याला घटस्फोट म्हणतात. आम्ही बराच प्रयत्न केला, पण नवरा-बायको म्हणून एकत्र राहणं आम्हाला जमत नाही. आम्ही पुन्हा एका घरात राहणार नाही. तुमचे आईबाबा म्हणून सगळं आम्ही दोघंच बघणार.’ ‘पुन्हा राहणार नाही’ हे त्याला स्पष्ट सांगायलाच हवं, नाहीतर तो दोघांना एकत्र आणण्याच्या खटपटीत पडतो. चूक कोणाची असं त्याने विचारलं तर ‘तो आम्हा दोघांमधला विषय आहे, तुला बाजू घ्यायची नाही’ एवढंच. आणि ‘आता घरातला कर्ता तूच’ असं त्याला कोणीही म्हणू नये. तो तिसरीत आहे.

सांगून झाल्यावर धाकटी बहुतेक रडणार नाही. ‘बरं. मी चित्र काढू?’ असं म्हणून उठेल. तिला काही वाटलंच नाही असा याचा अर्थ नाही. मुलं अशी गोष्ट घोटाघोटाने घेतात. प्रश्न मग आंघोळीच्या वेळी, रिक्षात, झोपताना येतील, आणि तेच तेच येतील. ‘बाबा आज इथे का नाही झोपणार?’ हा प्रश्न वीस वेळा आला तर वीस वेळा त्याच शब्दांत उत्तर द्यायचं: ‘बाबा त्यांच्या घरी झोपणार, तू इथे, आणि शनिवारी तू त्यांच्याकडे.’ नवनवीन स्पष्टीकरणं दिली की बेत बदललाय असं तिला वाटतं. आई, बाबा, आजी आणि पाळणाघरातल्या मावशी या चौघांचं वाक्य एकच असावं. ते कागदावर लिहून सगळ्यांना दिलं तर उत्तम.

आता शनिवारचं. साडेचार वर्षांच्या मुलाला शनिवार हा फक्त शब्द असतो. बुधवारपासून तो किती लांब, हे त्याला कळत नाही. म्हणून आठवड्याची एक पट्टी करावी. पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्यायची, तिच्यावर सोमवार ते रविवार असे सात चौकोन आखायचे. आईच्या घरी झोपायच्या रात्री पिवळ्या, बाबांच्या घरी झोपायची रात्र निळी, आणि रंग धाकटीनेच भरायचे. कपड्यांचा एक चिमटा पट्टीला लावायचा आणि रोज सकाळी दात घासून झाले की तिने तो स्वतःच्या हाताने एक घर पुढे सरकवायचा. ‘बाबांकडे कधी?’ या प्रश्नाला मग ‘शनिवारी’ असं उत्तर द्यायचं नाही. ‘चल, मोजू या किती पिवळ्या रात्री उरल्या’ असं म्हणायचं. हुबेहूब तशीच दुसरी पट्टी वाकडच्या घरी, त्याच रंगांची. एका घरी निळा म्हणजे बाबा आणि दुसरीकडे निळा म्हणजे आई असं झालं, तर सगळी मेहनत पाण्यात. पट्टीवर जे रंगवलंय ते पाळणं हे मात्र मोठ्यांकडे. निळ्या रात्री बाबा दोनदा आले नाहीत, तर त्या पट्टीला काही अर्थ उरत नाही.

बाबा जायच्या आधी, दिवसाउजेडी, तिला एकदा वाकडचं घर दाखवून आणावं. ब्रश कुठे असणार, चादर कोणती, रात्री सू लागली तर दिवा कुठला लावायचा, हे तिने बघितलेलं असावं. जायच्या दिवशी तिने निरोप घेतलेला असावा. मूल खेळात रमलं की नजर चुकवून निघायची आपल्याकडे सवय आहे, ‘उगाच रडेल’ म्हणून. रोज ऑफिसला जाताना ते एक वेळ चालून जातं. या दिवशी अजिबात चालत नाही. शाळेतून आल्यावर कपाट रिकामं दिसलं, तर आपण नसताना माणसं नाहीशी होतात हे तिला कळून चुकतं, आणि पुढे कित्येक आठवडे शाळेच्या दारात रडारड होते. ती रडेल, रडू द्यावं. बाबांनी सामान बांधताना तिच्याकडून एक चित्र मागून घ्यावं आणि तिच्यादेखत बॅगेत ठेवावं.

रोजच्या घडीतलं सगळंच्या सगळं टिकवता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये. दिवसातली चार ठिकाणं पकडावी: उठणं, शाळेला निघणं, संध्याकाळचं जेवण आणि झोपणं. यातही झोपण्यावर सगळ्यात जास्त जोर द्यावा. साडेसातला वरणभात, आठला दात घासणं, सव्वाआठला एक गोष्ट, साडेआठला दिवा बंद. वाकडला जेवण सात पन्नासला झालं म्हणून बिघडत नाही, पण क्रम तोच हवा, आणि गोष्ट एकच, ‘आज बाबांकडे आहेस म्हणून चार’ असं नको. गोधडी एकच असते आणि ती मुलाबरोबर प्रवास करते. कपडे, ब्रश, चप्पल मात्र दोन्ही घरी वेगवेगळं ठेवावं, म्हणजे दर शनिवारी मुलाला सामान बांधून पाहुण्यासारखं जावं लागत नाही.

आता एक काम आईबाबांनी कागद घेऊन बसून करायचं: बाबा जी कामं करायचे ती उद्यापासून कोण करणार? समजा आंघोळ आणि रात्रीची गोष्ट बाबांची असायची. बाबा गेल्यावर पहिल्याच रात्री सव्वाआठ वाजतात आणि तिथे भगदाड दिसतं. म्हणून बाबा अजून घरात असतानाच चार दिवस आधीपासून आईने गोष्ट सांगायला सुरुवात करावी, बाबा शेजारी बसलेले असताना. आंघोळ आजीकडे जाणार असेल तर तीही तेव्हापासूनच. म्हणजे बाबा जातात त्या दिवशी निदान हे दोन बदल जुने झालेले असतात.

व्हिडिओ कॉल झोपायच्या वेळी करू नये. फोन बंद झाला की रडणं सुरू होतं आणि झोप उडते. सात वाजता, जेवणाच्या आधी, पाच मिनिटं पुरतात. ‘बोल ना बाबांशी’ असं म्हणून चालत नाही, चार वर्षांचं मूल फोनवर गप्पा मारत नाही. बाबांनी ‘आज काय केलंस?’ विचारण्याऐवजी ‘तुझा हत्ती दाखव बघू’ असं म्हणावं. दोन मिनिटांत ती पळून गेली तरी कॉल झाला असं समजावं.

लहान मुलाला आठ-आठ दिवसांचं अंतर फार होतं, म्हणून आठवड्याच्या मध्ये एक भेट हवी. पण बुधवारी संध्याकाळी कोथरूडहून वाकडला नेऊन परत आणायचं म्हटलं तर भेटीचा वेळ रस्त्यावरच जातो आणि मूल गाडीत झोपतं. त्यापेक्षा बाबांनी पाळणाघरातून तिला घ्यावं, कोथरूडमध्येच बागेत खेळवावं, डोसा खाऊ घालावा आणि सातला घरी सोडावं. रविवारचा परतीचा वेळही संध्याकाळी पाच ठरवावा, नऊ नाही, म्हणजे झोपण्याआधी तिला आपल्या घरात रुळायला तीन तास मिळतात. जमेल तिथे अदलाबदल शाळेच्या किंवा पाळणाघराच्या दारातच करावी. सकाळी एकाने सोडलं आणि संध्याकाळी दुसऱ्याने घेतलं, की एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाण्याचा तो अवघड क्षण येतच नाही, आणि आईबाबांना दारात उभं राहून हिशेबाचं बोलायची संधीही मिळत नाही.

परत आल्यावर ती चिडचिड करेल, क्षुल्लक कारणावरून भोकाड पसरेल, आईला मारेलसुद्धा. यावरून ‘तिकडे काहीतरी झालंय’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. एका घराच्या तालातून दुसऱ्या घराच्या तालात यायला लहान मुलाला वेळ लागतो, आणि जिथे सुरक्षित वाटतं तिथेच ते मोकळं होतं. पहिला अर्धा तास उलटतपासणी नको: काय खाल्लं, कोण आलं होतं, बाबा काय म्हणाले, काही नाही. पाणी, खाऊ, पट्टीवरचा चिमटा, बस्स. हाच रविवारचा थयथयाट ‘मूल तिकडे जायला तयार नाही’ म्हणून पुढे अर्जात लिहिला जातो, आणि मुलाची भेटच बंद होते. अंगावर खुणा असतील, किंवा मूल एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा ठामपणे सांगत असेल, तर मात्र ते ऐकून लगेच डॉक्टरांकडे जायला हवं.

शाळेला लेखी कळवावं: मुलीला न्यायला कोण कोण येऊ शकतं, दोघांचे फोन नंबर, बुधवारी कोण येणार. हीच माहिती व्हॅनवाल्या काकांना. वर्गशिक्षिकेला एक वाक्य पुरे, ‘बाबा आता वेगळ्या घरी राहतात, तिला हे माहीत आहे.’ बालवाडीत ‘माझे कुटुंब’ हा विषय येतोच; बाईंना आधी ठाऊक असेल तर चित्रात दोन घरं निघाली तरी त्या सहज पुढे जातात.

जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे यातलं ‘दोघांनी मिळून सांगणं’ लागू होत नाही. आधी सुरक्षित जागी पोचायचं, मुलाला नंतर एकट्याने सांगायचं: ‘तिथे आपल्याला लागत होतं, म्हणून आपण इथे राहणार.’ महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर अशा वेळी लावायचे.

पहिल्या काही आठवड्यांत मूल थोडं मागे जातं. सुटलेलं अंगठा चोखणं परत येतं, रात्री अंथरूण ओलं होतं, बोबडं बोलणं सुरू होतं, आई बाथरूममध्ये गेली तरी दार वाजवलं जातं. यावर रागावू नये, चिडवू नये. प्लास्टिकची चादर घालावी आणि घडी तशीच चालू ठेवावी. अंथरूण ओलं होत असेल तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, कारण लघवीचा संसर्ग असूनही आपण सगळं घटस्फोटाच्या नावावर टाकून मोकळे होतो. दीड-दोन महिन्यांनंतरही झोप आणि खाणं सुधारत नसेल, मूल खेळणंच बंद करत असेल, किंवा स्वतःला मारून घेत असेल, तर मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जावं. एवढी लहान मुलं तिथे बोलत नाहीत, खेळतात. बाहुल्यांच्या घरात बाबा बाहुला दाराबाहेर किती वेळ उभा राहतो, हे तज्ज्ञ बघतात.

आणि हे सांगणं एकदाच करून संपत नाही. धाकटी सहा-सात वर्षांची झाली की तिचे प्रश्न बदलतील. ‘बाबा कुठे झोपणार’ जाऊन ‘तुम्ही का नाही एकत्र राहत’ येईल, आणि जुनं वाक्य तिला पुरणार नाही. तेव्हा दादाला आठव्या वर्षी जे सांगितलं होतं ते तिला सांगायचं, त्याच शब्दांत, म्हणजे दोघं भावंडं आपसात बोलतील तेव्हा दोघांकडची गोष्ट एकच असेल.